जुन्याला वगळा, फसवू नका

अकोल्याहून अकोटकडे जाताना गांधीग्रामला पूर्णा लागते. या नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट, तेल्हारा या भागांतल्या कित्येक गावांत जमिनीखालचं पाणी खारट आहे आणि तिथे पाण्याचं आरओ मशीन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सोयाबीनचे पैसे हातात आले की काही घरांत आधी मशीन येतं, मग बाकीची खरेदी होते. त्यामुळे अकोल्यात आणि अमरावतीत ही मशीन विकणारी आणि दुरुस्त करणारी दुकानं बरीच आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांच्यातले बहुतेक जण फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती करू लागले आहेत.

या जाहिरातींखालच्या कमेंट वाचल्या की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की त्यांतल्या बऱ्याच नव्या गिऱ्हाइकाच्या नसतात. ‘मशीन बंद आहे, आठ दिवस झाले कोणी आलं नाही.’ ‘फिल्टर बदलायचा आहे, फोन उचला.’ आणि मधूनच एखादी अशी: ‘भाऊ, आमाले तं तुमी एक पैसाबी सोडला नाई, आन् नव्याले दोन हजार?’ ही शेवटची कमेंट दुकानदार पुसून टाकतो. माझं म्हणणं असं की ती पुसण्याऐवजी छापून गल्ल्यावर चिकटवावी. या व्यवसायातले दोन दोष त्या एका ओळीत आहेत. नव्या गिऱ्हाइकासाठी केलेली जाहिरात जुन्याला का दिसली, हा पहिला. आणि दिसल्यावर त्याला आपण फसलो असं का वाटलं, हा दुसरा. पहिला दोष तंत्राचा आहे, तासाभरात दुरुस्त होतो. दुसरा दानतीचा आहे. पहिला दुरुस्त करून दुसरा झाकून टाकण्याची सोय आता सगळ्यांच्या हातात आली आहे, म्हणून हा लेख.

जुन्याला जाहिरात दिसते याचं कारण साधं आहे. दुकानदार जाहिरात लावताना सांगतो की मला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज हवेत. मग यंत्रणा मेसेज करण्याची शक्यता जास्त असलेली माणसं शोधू लागते. अशी माणसं कोण? ज्यांनी तुमचं पेज आधी पाहिलंय, तुमच्याशी आधी बोललेत, ज्यांना तुमचं नाव ओळखीचं आहे आणि ज्यांचं मशीन आत्ता गळतंय, ती. म्हणजे तुमचीच जुनी गिऱ्हाइकं. यंत्रणेचा यात दोष नाही. तिला मेसेज मागितले, तिने मेसेज आणून दिले. नवं घर हवं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यात पैसा कसा जातो, ते एका हिशोबातून पाहू. समजा, अकोल्यातल्या एका दुकानाने सहा वर्षांत १,८०० मशीन विकली आहेत. महिन्याला ३०,००० रुपये जाहिरातीवर जातात आणि त्यातून २०० मेसेज येतात. अहवाल म्हणतो, एक मेसेज १५० रुपयांना पडला. त्या महिन्यात १५ मशीन विकली गेली, म्हणजे एका विक्रीमागे २,००० रुपये. दुकानदार खूश असतो आणि जाहिरात सांभाळणारा मुलगाही. आता ते २०० नंबर विक्रीच्या रजिस्टरशी ताडून पाहा. समजा, त्यातले ७० जुने निघाले. कुणाला सर्व्हिस हवी होती, कुणाला नुसता भाव विचारायचा होता, कुणी तक्रार करत होतं. मग नवे मेसेज उरले १३० आणि एक पडला २३० रुपयांना. १५ मशीनांतली चार जुन्याच घरांत गेली असतील, ती घरं फोन करूनही आलीच असती, तर नवी घरं झाली ११ आणि एका नव्या घराचा खर्च २,००० नाही, २,७०० च्या वर गेला. अहवालातला आकडा खोटा नव्हता. आपलंच माणूस आपल्याकडे आलं, तर त्याला विक्री धरून आपण स्वतःची समजूत काढत होतो.

हे फक्त लहान दुकानांचं होतं असं नाही. ई-बे ही अमेरिकेतली मोठी ऑनलाइन बाजारपेठ. मार्च २०१२ मध्ये तिने काही शोधयंत्रांवरच्या, स्वतःच्या नावाच्या शोधावर लागणाऱ्या जाहिराती बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणारी जवळपास सगळीच माणसं, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. मग कंपनीच्या अर्थतज्ज्ञांनी आणखी पुढे जाऊन देशाच्या काही भागांत इतर शब्दांवरच्या जाहिरातीही थांबवल्या. ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस यांचा यावरचा निबंध २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त आला. त्यांना दिसलं ते असं: जे नेहमी खरेदी करत होते त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम जवळजवळ शून्य होता. जे नवे होते, किंवा क्वचित येत होते, त्यांच्यावर तो होता. आणि पैशाचा मोठा वाटा मात्र पहिल्या लोकांवर जात होता, कारण क्लिक करणारे तेच. एवढ्या मोठ्या कंपनीला प्रयोग करून जे कळलं, ते आपल्याला रजिस्टर उघडून कळू शकतं.

तेव्हा पहिलं काम वगळण्याचं. त्यासाठी लागतं रजिस्टर, आणि बहुतेक दुकानांत अडचण तिथेच सुरू होते. बिलबुकात नंबर मुलाचा असतो, मुलगा पुण्यात नोकरीला. सर्व्हिसच्या वहीत त्याच घराचा दुसरा नंबर, वहिनींचा. एका नंबराचे नऊच आकडे. एकाच माणसाचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं. सगळं एका एक्सेलमध्ये उतरवायचं, दुहेरी नोंदी काढायच्या आणि प्रत्येक नंबराच्या आधी ९१ लावायचं. इथे एक खोड आठवणीने सांगतो, कारण कित्येक याद्या तिच्यामुळे वाया जातात. ९१ लावलं की नंबर बारा आकडी होतो आणि एक्सेल त्याला संख्या समजून `9.19E+11` असं दाखवू लागतं. फाइल तशीच सीएसव्हीत साठवली तर मागचे आकडे कायमचे जातात आणि शेकडो गिऱ्हाइकांचा नंबर एकसारखा होऊन बसतो. म्हणून नंबर टाकण्याआधीच त्या रकान्याचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करून घ्यावं आणि फाइल साठवल्यावर ती नोटपॅडमध्ये उघडून दहा नंबर डोळ्यांनी वाचावेत.

ही यादी मेटाच्या जाहिरात खात्यात ‘कस्टम ऑडियन्स’ म्हणून चढवायची आणि नव्या गिऱ्हाइकांच्या जाहिरातीत ती वगळण्याच्या रकान्यात टाकायची. काही जण यादीचा त्रास टाळून म्हणतात, आमच्या वेबसाइटवर पिक्सेल आहे, तो खरेदी करणाऱ्यांना आपोआप ओळखतो. पण त्या मार्गाने बनलेली यादी माणसाला जास्तीत जास्त १८० दिवस लक्षात ठेवते. साडी किंवा चप्पल विकणाऱ्याला ते पुरेल. आरओ मशीन सात-आठ वर्षं चालतं, सहा महिन्यांत त्याचा मालक ‘नवा’ होऊ शकत नाही. शिवाय तेल्हाऱ्याचा शेतकरी वेबसाइटवर पैसे भरत नाही, तो दुकानात येऊन रोख देतो, तेव्हा पिक्सेलला तो दिसणारच नाही. इथे वहीच खरी आणि ती दर महिन्याला नव्याने चढवावी लागते.

वगळल्यावर काय होतं ते आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर दुकानदार आठवड्याभरात घाबरून वगळणं काढून टाकतो. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. १,८०० नोंदींतून स्वच्छ नंबर निघाले १,५००. त्यातल्या हजारेक जणांची खाती सापडली, कारण प्रत्येकाचं फेसबुक त्याच नंबरावर असतं असं नाही. पुढच्या महिन्यात तेवढ्याच ३०,००० रुपयांत मेसेज आले १६५. अहवाल सांगतो, मेसेज १५० वरून १८२ रुपयांवर गेला. जाहिरात महागली! पण रजिस्टर म्हणतं, या १६५ मध्ये जुने फक्त २९. नवे १३६, म्हणजे नवा मेसेज २३० वरून २२० वर आला. अहवालातला आकडा वाईट झाला आणि खरा आकडा सुधारला. जाहिरात सांभाळणाऱ्याला पगार पहिल्या आकड्यावर मिळत असेल, तर तो वगळणं कधीच करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. त्याच्याकडून दर महिन्याला दुसरा आकडा मागावा.

त्या २९ जणांकडे आता नीट बघू. यादी कितीही जपून केली तरी काही जुने लोक सुटतातच. नंबर बापाचा, मोबाइल लेकीच्या हातात. शिवाय आपली गावं अशी, की तेल्हाऱ्यातल्या एका घरी ‘२,००० रुपये सूट’ दिसली की संध्याकाळपर्यंत ती गल्लीच्या ग्रुपवर येते. म्हणून वगळण्याचा उपयोग कशासाठी करायचा, हे आधी ठरवलं पाहिजे. जुन्या माणसाला बिनकामाची जाहिरात दाखवून त्रास द्यायचा नाही आणि आपला पैसा वाया घालवायचा नाही, यासाठी वगळणं योग्य आहे. नव्याला दिलेला भाव जुन्याच्या नजरेस पडू नये, यासाठी वगळणं हे लबाडीचं काम आहे. दोन्हींत बटण एकच दाबलं जातं, पण मागचा हेतू वेगळा असतो, आणि तो गिऱ्हाइकाला आज ना उद्या कळतो.

लबाडी हा शब्द मी जाणून वापरतो. ब्रिटनमध्ये घराचा आणि गाडीचा विमा विकणाऱ्या कंपन्यांनी हेच वर्षानुवर्षं केलं. नव्याला स्वस्त हप्ता दाखवून आत घ्यायचं आणि तो दरवर्षी मुकाट्याने नूतनीकरण करतो हे दिसलं की हप्ता थोडा-थोडा चढवायचा. जितका निष्ठावान माणूस, तितका त्याचा हप्ता जास्त. जे वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे टिकून राहत, त्यांना हा फटका जास्त बसे. शेवटी तिथल्या वित्तीय नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून नियम केला की नूतनीकरण करणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला, तोच माणूस आज नवा म्हणून आला असता तर जो भाव मिळाला असता, त्यापेक्षा जास्त भाव सांगता येणार नाही. नव्यांसाठी जाहिरात करू नका, असं त्या नियमात कुठे नाही. जुन्याच्या अज्ञानावर कमाई करू नका, एवढंच तो सांगतो. आरओ मशीनवाल्यांना हा नियम लागू नाही. पण वार्षिक देखभालीच्या करारात हेच चालतं: पहिल्या वर्षी दीड हजार, तिसऱ्या वर्षी अडीच हजार आणि शेजारच्या नव्या माणसाला पुन्हा दीड. तिसऱ्या वर्षी मशीन जुनं झाल्याने काम खरंच वाढतं, हे मला मान्य आहे. मग तसं बिलावर लिहा: कोणता भाग, किती रुपये. जे कारण लिहून देता येतं त्याची लाज नसते.

एक आक्षेप मी अनेक दुकानदारांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, आमचा धंदा जाहिरातीवर चालत नाही, साळ्याच्या आणि साडूच्या शब्दावर चालतो. जुना माणूस जाहिरात बघतो आणि खाली मेव्हण्याला टॅग करतो, त्याला वगळलं तर ती विक्री गेली. वऱ्हाडात हे खरं आहे. पण त्याने मेव्हण्याला सांगावं असं वाटत असेल, तर त्याला तसं मोकळेपणाने सांगणारी वेगळी जाहिरात दाखवावी: तुम्ही कुणाला पाठवलं तर त्यालाही सूट आणि तुमचा पुढचा फिल्टर आमच्याकडून. नव्याची सूट चुकून त्याच्या डोळ्यांवर पडावी आणि त्यातून त्याने आपली शिफारस करावी, ही अपेक्षा चुकीची आहे. तशी शिफारस करणाऱ्याच्या मनात आधी राग असतो.

आता वेगळ्या जाहिरातीकडे येऊ. जुन्या गिऱ्हाइकाला आणखी काही विकणं यात मुळात वाईट काही नाही. खारपाणपट्ट्यातल्या मशीनला फिल्टर लागतात, मेम्ब्रेन कधीतरी बदलावीच लागते, आणि वेळेवर न बदलल्याने माणूस खराब पाणी पीत राहिला तर ते विकणाऱ्याचंही पाप आहे. प्रश्न एवढाच आहे की ही विक्री त्याच्या मशीनच्या गरजेतून निघते की त्याच्या आपल्यावरच्या भरवशातून.

भरवशातून निघणारी विक्री कशी असते, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पेरणीच्या दिवसांत युरिया किंवा डीएपी मागायला गेला की काही ठिकाणी त्याच्या गळ्यात एखादं सूक्ष्म अन्नद्रव्य किंवा द्रवखत बांधलं जातं. नको असेल तर खतही नाही. या लिंकिंगविरुद्ध शेतकरी दर हंगामात ओरडतात आणि कृषी खात्यालाही त्यावर कारवाईचे इशारे द्यावे लागतात. अडलेला माणूस आपल्याकडे आला आहे, तो दुसरीकडे जाऊ शकत नाही, याचा तो फायदा. फिल्टर बदलायला बोलावलेल्या घरी ‘वर्षाचा करार घेतला तरच येतो’ म्हणणारा दुकानदार तेच करतो. त्याच्या हातात खताऐवजी पाणी आहे, एवढाच फरक.

याहून वाईट प्रकार भीती घालण्याचा आहे आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. तंत्रज्ञ घरी येतो, दोन ग्लास ठेवतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कांड्या असलेलं एक यंत्र बुडवून वीज सोडतो. मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तांबडा-हिरवट गाळ उठतो, आरओचं स्वच्छ राहतं. घरातली बाई घाबरते आणि नवं, महागाचं मॉडेल घ्यायला तयार होते. त्या गाळातलं लोखंड कांडीचं असतं. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी विरघळते आणि पाणी रंगतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते रंगत नाही. या प्रयोगातून पाणी घाणेरडं आहे की पिण्याजोगं, हे कळत नाही. आता हेच ग्लास व्हिडिओतून, जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवर नेम धरून दाखवले जातात आणि वर मूतखड्याचं नाव घेतलं जातं. ज्या पट्ट्यात किडनीच्या आजाराची चर्चा घरोघरी आहे, तिथे ही जाहिरात लावणं क्रूर आहे. हप्त्यावर मशीन विकणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा. कर्ज काढून सण साजरा करू नका, असं गाडगेबाबा याच मुलखात कीर्तनातून सांगत फिरले. त्या कर्जाला निदान सणाचं तरी निमित्त होतं, इथे कांडीच्या गंजाच्या भीतीने कर्ज होतं.

गरजेतून निघणारी विक्री मीटरपासून सुरू होते. टीडीएस मीटर हे खिशात मावणारं साधं यंत्र आहे, ते पाण्यातले विरघळलेले क्षार मोजतं. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतात. समजा, दर्यापूरकडच्या एका घरात बोअरचं पाणी १,८०० आहे. मशीन बसवलं त्या दिवशी बाहेर पडणारं पाणी ९० होतं, म्हणजे ९५ टक्के क्षार अडले. तीन वर्षांनी तेच पाणी ४५० यायला लागलं, म्हणजे आता ७५ टक्केच अडतात. साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेलं की मेम्ब्रेन संपत आल्याचा संशय घ्यावा. पण लगेच बदलायला लावू नये. मेम्ब्रेनच्या आधीचा फिल्टर तुंबून पाण्याचा दाब कमी झाला असेल तरी आकडा बिघडतो. काही मशीनांत थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळणारा एक स्क्रू असतो, तो कुणी फिरवून ठेवलेला असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या कामासाठी दोन-तीन हजारांची मेम्ब्रेन विकणारे तंत्रज्ञ मला ठाऊक आहेत. आणि बसवलेल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवलेलाच नसेल, तर तीन वर्षांनी काय बिघडलं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून रजिस्टरात नंबराशेजारी हे दोन आकडे असलेच पाहिजेत: आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारं पाणी.

असं रजिस्टर असलं की वेगळ्या जाहिरातीचा मजकूर आपोआप सुचतो. वर्षाच्या आत ज्यांनी मशीन घेतलं, त्यांना काही विकू नये, फक्त फिल्टर कधी बघायचा ते सांगावं. दोन-तीन वर्षं झालेल्यांना असं काही: ‘तुमच्या मशीनला तीन वर्षं होत आली. मेम्ब्रेन बदलायची की नाही, हे तुमच्यासमोर मीटरने मोजून सांगतो. मोजण्याचे पैसे नाहीत. गरज नसेल तर तसं लिहून देतो.’ शेवटचं वाक्य दुकानदाराला खटकतं, पण जाहिरात त्याच्यावरच उभी आहे. लिहून देण्याची तयारी नसलेल्याने ही जाहिरात करूच नये. आणि ज्याची तक्रार वहीत अजून उघडी आहे, त्याला कोणतीही जाहिरात दाखवू नये. त्याचं नाव दोन्ही जाहिरातींत वगळण्याच्या यादीत टाकावं आणि आधी माणूस पाठवावा. बंद मशीनच्या घरी ‘प्रीमियम मॉडेल’ची जाहिरात गेली की ती कमेंट येते, जी पुसावी लागते.

इथे एक मर्यादाही सांगायला हवी, कारण जाहिरात विकणारे ती सांगत नाहीत. ज्या दुकानाची एकूण गिऱ्हाइकंच तीनशे-चारशे आहेत, त्याने जुन्यांसाठी वेगळी जाहिरात करण्यात पैसा घालू नये. त्यातल्या निम्म्यांची खाती सापडणार, त्यांचे वर्षानुसार तुकडे केले की एकेका तुकड्यात शंभरही माणसं उरत नाहीत, आणि एवढ्या लहान यादीवर जाहिरात नीट चालत नाही. अकोटच्या दुकानदाराला दुपारी मोकळ्या वेळेत रोज पाच फोन करता येतात, त्याला वगळण्यापुरती यादी पुरे. वेगळ्या जाहिरातीचा विचार हजार-दीड हजार घरांच्या पुढे करावा.

नंबराचाही प्रश्न आहे. गिऱ्हाइकाने नंबर दिला तो बिलासाठी आणि सर्व्हिससाठी. तो मेटाच्या खात्यात चढवणं हा त्याचा वेगळा वापर आहे. चढवताना नंबराचं रूप बदलून गुंतागुंतीची अक्षरं केली जातात हे खरं, पण ज्याचा नंबर त्याला विचारायला नको का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि त्याची संमती असावी. बिलाच्या खाली मराठीत एक ओळ आणि एक चौकोन छापायला कितीसा खर्च येतो: ‘माझ्या मशीनच्या देखभालीबद्दल फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर सूचना आल्या तर चालेल.’ चौकोन रिकामा ठेवला त्याचं नाव यादीत नको. एखाद्याने फोन करून नाव काढायला सांगितलं, तर पुढच्या महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी काढावं.

आणि शेवटी त्या कमेंटमधले दोन हजार. उन्हाळ्यात मशीनची मागणी वाढते, कंपन्या योजना आणतात आणि दुकानदाराला सूट द्यावीच लागते. ती देऊ नका, असं मी म्हणत नाही. मात्र योजना सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांत ज्यांनी पूर्ण किमतीला मशीन घेतलं, त्यांना ती दुसऱ्याकडून कळण्याआधी दुकानाने स्वतः फोन करावा. समजा, अशी २५ घरं आहेत. सगळ्यांना २,००० रोख परत दिले तर ५०,००० लागतील, आणि ते लहान दुकानाला झेपणार नाहीत. पण पहिला फिल्टरचा संच मोफत दिला, दुकानाला तो पाचशेच्या आसपास पडतो असं धरलं, तर खर्च १२,५०० होतो. फोनवर स्पष्ट सांगावं की योजना नंतर आली, तेव्हा ती आमच्या हातात नव्हती, म्हणून एवढं करतो. हा खर्च नुकसानीत मांडू नये. नव्यांसाठी योजनेची जाहिरात ज्या ३०,००० मध्ये होणार आहे, त्याच रकमेतून तो आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यात जाहिरात बसवावी.